कुणाचं ऑक्सिडेशन, कुणाचं रिडक्शन?

*मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बायोकेमिस्ट्रीत माझी एकच गोष्ट सारखी चुकते, ऑक्सिडेशन कुठलं आणि रिडक्शन कुठलं. व्याख्या पाठ आहेत, ‘ऑइल रिग’ही पाठ आहे. तरी परवाच्या टेस्टमध्ये फ्युमरेटचं मॅलेट होतं त्याला मी ऑक्सिडेशन लिहिलं, कारण ऑक्सिजन आला. पायरुव्हेटचं लॅक्टेट होतं तिथेही ऑक्सिडेशन लिहिलं, कारण एन्झाइमचं नाव डिहायड्रोजनेज आहे. दोन्ही चूक. आणि NAD⁺ चं NADH होताना प्लस जातो, म्हणजे काहीतरी गेलंच ना? मग ते इलेक्ट्रॉन मिळाले असं का म्हणायचं? उत्तर बघितलं की पटतं, पुढच्या वेळी परत उलटं होतं. काय करू?*
*— एक विद्यार्थी, सातारा*

प्रिय विद्यार्थी मित्रा,

तुझ्या चुका मी कागदावर एकाखाली एक मांडून बघितल्या. प्रत्येकीचं कारण वेगळं आहे, पण सगळ्यांच्या खाली एक सवय दिसते. तू अख्ख्या अभिक्रियेला एकच नाव देतोस. ‘हे ऑक्सिडेशन’, ‘ते रिडक्शन’. पेशीत मोकळे इलेक्ट्रॉन कुठे पडून नसतात. एकाने सोडले की त्याच क्षणी दुसऱ्याने घेतलेले असतात, म्हणून कुठल्याही अशा पायरीत दोन्ही गोष्टी घडतात. ‘ही पायरी काय आहे?’ हा प्रश्नच अर्धवट आहे, आणि अर्धवट प्रश्नाला कधी एका बाजूचं उत्तर येतं, कधी दुसऱ्या. तुझं उत्तर दर वेळी उलटतं ते यामुळे.

यावर आपल्या भाषेतच उपाय आहे, षष्ठी. आजपासून वहीत ‘ऑक्सिडेशन’ हा शब्द ‘चं’ लावलेल्या नावाशिवाय लिहायचा नाही. ‘मॅलेटचं ऑक्सिडेशन.’ आणि ते लिहिलं की लगेच दुसरं अर्धं वाक्य: ‘आणि NAD⁺ चं रिडक्शन.’ दुसरं अर्धं वाक्य लिहिता येत नसेल, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारा सापडत नसेल, तर बहुतेक वेळा त्या पायरीत रेडॉक्स नाहीच. फ्युमरेटची पायरी तू अशी लिहायला घेतली असतीस तर तिथेच अडखळला असतास. फ्युमरेटने इलेक्ट्रॉन दिले, बरं, पण कुणाला? तिथे पाण्याशिवाय दुसरं कुणी नाही, NAD⁺ नाही, FAD नाही.

आता तुझा प्लसचा प्रश्न. तो चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं मूळ शब्दातच आहे. रिडक्शन म्हणजे कमी होणं. शाळेच्या पुस्तकातल्या ‘क्षपण’ या शब्दातही घटण्याचाच अर्थ आहे. इलेक्ट्रॉन मिळणं म्हणजे भर पडणं, मग त्याला घटण्याचं नाव का? हा शब्द भट्टीतून आला. लोखंडाचं खनिज कोळशाबरोबर तापवलं की ऑक्सिजन निघून जातो आणि हाती येणारा धातू खनिजापेक्षा हलका भरतो. १६० ग्रॅम शुद्ध Fe₂O₃ घेतलं तर त्यातून जास्तीत जास्त ११२ ग्रॅम लोखंड निघतं. वजन घटलं म्हणून रिडक्शन. तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीतही नव्हता.

पण त्याच भट्टीत आणखी एक गोष्ट घटली, आणि ती धरून ठेवलीस तर हा शब्द तुला पुन्हा फसवणार नाही. खनिजात लोखंड +३ असतं, धातूत शून्य. ऑक्सिडेशन नंबर घटला. इलेक्ट्रॉन ऋण असतात, म्हणून ते आले की आकडा खाली जातो. रिडक्शनमध्ये कमी होतो तो हा आकडा. पदार्थ कमी होत नाही, त्याचं वजन कमी होईलच असं नाही, त्यातले हायड्रोजन तर बहुधा वाढतातच.

मग NAD⁺ कडे बघ. प्लस गेला म्हणजे +१ चा शून्य झाला, आकडा उतरला, म्हणून रिडक्शन. यात काहीही निघून गेलेलं नाही. निकोटिनामाइडच्या कड्यावर एक हायड्रोजन येतो आणि तो एकटा येत नाही, बरोबर दोन इलेक्ट्रॉन आणतो. प्रोटॉनचा अधिक एक आणि दोन इलेक्ट्रॉनचे उणे दोन, एकूण उणे एक. याला हायड्राइड म्हणतात. +१ मध्ये −१ मिळवलं की शून्य. कर्ज फिटल्यावर वहीतली बाकी पुसली जाते, तेव्हा पैसे आलेले असतात, गेलेले नसतात. तसाच हा प्लस पुसला गेला. ज्या पदार्थाकडून हे सगळं आलं त्याचे हायड्रोजन मात्र दोन सुटलेले असतात. एक हायड्राइड होऊन NAD⁺ वर बसतो, दुसरा नुसता प्रोटॉन म्हणून पाण्यात जातो. म्हणून पुस्तकात ‘NADH + H⁺’ असं जोडीने छापतात. तो H⁺ शोभेचा नाही, हिशेब पुरा व्हावा म्हणून आहे.

‘ऑइल रिग’ तुला का उपयोगी पडत नाही तेही सांगते. ते म्हणतं, इलेक्ट्रॉन गेले की ऑक्सिडेशन, मिळाले की रिडक्शन. खरं आहे. जस्त आणि तांब्याच्या सेलमध्ये हे डोळ्यांना दिसतं, कारण Zn चं Zn²⁺ होतं, प्रभार समोर लिहिलेला असतो. सक्सिनेटचं फ्युमरेट होतं तेव्हा दोन्हींवर −२ च प्रभार आहे. इलेक्ट्रॉन गेले कुठून दिसणार? ते बंधांमध्ये लपलेले आहेत. म्हणून तू ऑक्सिजन आला का, एन्झाइमचं नाव काय, अशा बाहेरच्या खुणा शोधतोस, आणि त्या खुणा कधी खऱ्या ठरतात, कधी खोट्या.

बंधांतले इलेक्ट्रॉन मोजायची रीत फार सोपी आहे. एक कार्बन घे. त्याच्यापासून निघणाऱ्या हायड्रोजनच्या प्रत्येक बंधाला उणे एक. ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा गंधकाच्या प्रत्येक बंधाला अधिक एक, दुहेरी बंध असेल तर दोनदा. कार्बन-कार्बन बंधाला शून्य, मग तो एकेरी असो वा दुहेरी. बेरीज कर. यामागचा विचार असा की हायड्रोजनशी वाटणी करताना इलेक्ट्रॉन कार्बनच्या पदरात पडतात आणि ऑक्सिजनशी वाटणी करताना त्याच्या पदरातून जातात. सख्ख्या भावाशी, म्हणजे दुसऱ्या कार्बनशी, वाटणी समसमान.

ही रीत क्रेब्स चक्राच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवर लावू. तुझी एक चूक त्यांच्या बरोबर मध्यावर आहे. सक्सिनेट, फ्युमरेट, मॅलेट, ऑक्झॅलोअॅसिटेट, या चौघांच्याही दोन टोकांना कार्बॉक्सिल गट आहेत आणि त्यांना या प्रवासात काहीच होत नाही. ते झाकून ठेव. फक्त मधले दोन कार्बन बघ.

सक्सिनेटमध्ये मधले दोन्ही कार्बन CH₂ आहेत. प्रत्येकाचे दोन हायड्रोजन, म्हणजे प्रत्येकी −२, दोघांचे मिळून −४. फ्युमरेटमध्ये ते CH=CH होतात. आता प्रत्येकाकडे एकच हायड्रोजन, मधला दुहेरी बंध शून्यात धरायचा, मिळून −२. आकडा −४ वरून −२ वर चढला. दोन इलेक्ट्रॉन गेले. सक्सिनेटचं ऑक्सिडेशन. घेणारा कोण? FAD, त्याचं FADH₂ झालं. दोन्ही अर्धी वाक्यं पुरी झाली.

आता फ्युमरेटचं मॅलेट. पाणी येतं, एका कार्बनवर OH बसतो, दुसऱ्यावर H. OH बसलेल्या कार्बनकडे एक हायड्रोजन, उणे एक, आणि एक ऑक्सिजन, अधिक एक, म्हणजे शून्य. शेजारचा CH₂ झाला, म्हणजे −२. दोघांची बेरीज −२. आधीही −२ च होती. ऑक्सिजन आला हे तुझं निरीक्षण बरोबर होतं, ज्या कार्बनवर तो आला त्याचा आकडा खरोखरच −१ वरून ० वर चढला. पण त्याच पाण्यातला हायड्रोजन शेजारी जाऊन बसला आणि त्याने तिथला आकडा −१ वरून −२ वर उतरवला. एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलं. रेणूबाहेर एकही इलेक्ट्रॉन गेला नाही, बाहेरून आलाही नाही. म्हणून ही पायरी ऑक्सिडेशनही नाही आणि रिडक्शनही नाही, तिला हायड्रेशन म्हणायचं. एन्झाइमचं नावही फ्युमरेज आहे, डिहायड्रोजनेज नाही.

शेवटी मॅलेटचं ऑक्झॅलोअॅसिटेट. CHOH चा C=O होतो. हायड्रोजन गेला, ऑक्सिजनचा दुहेरी बंध झाला, म्हणजे +२. शेजारचा CH₂ तसाच, −२. बेरीज शून्य. −२ वरून ०, परत दोन इलेक्ट्रॉन गेले, या वेळी NAD⁺ कडे. आणि इथे एक गंमत बघ, या पायरीत ऑक्सिजन मुळीच आलेला नाही. मॅलेटमध्येही पाच ऑक्सिजन, ऑक्झॅलोअॅसिटिक आम्लातही पाच. ऑक्सिजन आला तिथे ऑक्सिडेशन नव्हतं, आणि ऑक्सिडेशन झालं तिथे ऑक्सिजन आला नाही.

तर चार आकडे: −४, −२, −२, ०. हे चार आकडे वहीत त्या चार रेणूंच्या खाली लिहून ठेव, पुन्हा लागणार आहेत.

परीक्षेत कार्बन कार्बन मोजायला वेळ नसतो हे मला माहीत आहे. तेव्हा रेणुसूत्रांची वजाबाकी कर, आम्लांची सूत्रं घेतलीस तर प्रभाराचा घोळ होत नाही. सक्सिनिक C₄H₆O₄, फ्युमरिक C₄H₄O₄, फरक दोन हायड्रोजनचा. फ्युमरिक ते मॅलिक, C₄H₄O₄ ते C₄H₆O₅, फरक H₂O चा. मॅलिक ते ऑक्झॅलोअॅसिटिक, C₄H₆O₅ ते C₄H₄O₅, परत दोन हायड्रोजन. नुसते दोन हायड्रोजन गेले तर त्या पदार्थाचं ऑक्सिडेशन, आले तर रिडक्शन, अख्खं पाणी गेलं किंवा आलं तर दोन्ही नाही. ग्लायकोलिसिसमध्ये २-फॉस्फोग्लिसरेटमधून पाणी जाऊन पीईपी होतं, तिथेही अनेक मुलं ‘हायड्रोजन गेले’ म्हणून ऑक्सिडेशन लिहितात. गेलं ते पाणी. एनोलेज हे एन्झाइम NAD⁺ मागत नाही ते म्हणूनच.

एक गोष्ट मुलं नेहमी विचारतात म्हणून सांगून टाकते. सक्सिनेटला FAD आणि मॅलेटला NAD⁺, असं का? NAD⁺/NADH या जोडीचं प्रमाण विभव −०.३२ व्होल्ट आहे, फ्युमरेट/सक्सिनेटचं साधारण +०.०३. म्हणजे CH₂–CH₂ मधून निघणारे इलेक्ट्रॉन NAD⁺ वर चढवायचे तर फार चढ चढावा लागतो. एन्झाइमला घट्ट चिकटलेल्या FAD ला ते झेपतं, आणि तिथून इलेक्ट्रॉन पुढे युबिक्विनोनकडे जातात. मॅलेटची पायरीसुद्धा NAD⁺ च्या दृष्टीने चढाचीच आहे, पण चढ कमी आहे आणि ऑक्झॅलोअॅसिटेट तयार होताच पुढे सायट्रेट बनवायला उचललं जातं, म्हणून ती सरकते. लक्षात ठेवायला एवढं पुरे की एकेरी कार्बन-कार्बन बंधाचा दुहेरी झाला तर बहुधा FAD, आणि C–OH चा C=O झाला तर बहुधा NAD⁺.

आता लॅक्टेट डिहायड्रोजनेज. इथे तुझी फसवणूक नावाने केली. एन्झाइमला नाव एकच असतं, अभिक्रियेला दिशा दोन. नाव देताना एक दिशा निवडली जाते, ‘लॅक्टेटमधून हायड्रोजन काढणारं’, आणि मग पेशीत ते उलट्या दिशेने चालत असलं तरी नाव बदलत नाही. अभिक्रिया अशी:

लॅक्टेट + NAD⁺ ⇌ पायरुव्हेट + NADH + H⁺

दिशा बाण सांगतो, एन्झाइमचं नाव नाही. पायरुव्हेटचा मधला कार्बन C=O आहे, +२. लॅक्टेटचा तोच कार्बन CHOH, शून्य. पायरुव्हेटकडून लॅक्टेटकडे आकडा +२ वरून ० वर उतरला. पायरुव्हेटचं रिडक्शन, आणि NADH चं ऑक्सिडेशन. यकृतात हेच एन्झाइम लॅक्टेटचं पायरुव्हेट करतं, तेव्हा दोन्ही वाक्यं उलटायची.

पण इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण हे नुसतं पाठ करून सोडलं तर यातली खरी गोष्ट निसटते. जोरात पळणाऱ्या माणसाच्या स्नायूत हे लॅक्टेट का बनतं? पूर्ण ग्लायकोलिसिसचा हिशेब मांड. ग्लुकोज C₆H₁₂O₆. बारा हायड्रोजनचे +१२, सहा ऑक्सिजनचे −१२, म्हणून सहा कार्बनची एकूण बेरीज शून्य. पायरुव्हिक आम्ल C₃H₄O₃. हायड्रोजनचे +४, ऑक्सिजनचे −६, म्हणून कार्बनचे मिळून +२. एका ग्लुकोजपासून दोन पायरुव्हेट, म्हणजे +४. शून्यावरून +४ वर, चार इलेक्ट्रॉन गेले. दोन NAD⁺ नी प्रत्येकी दोन घेतले. बरोबर जुळलं.

ही घेण्याची पायरी ग्लायकोलिसिसमध्ये एकच आहे, ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेटची. तिथला अल्डिहाइडचा कार्बन +१ वरून +३ वर चढतो. ग्लायकोलिसिसमधल्या बाकीच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये फॉस्फेट इकडून तिकडे होतो, रेणू वळतो, तुटतो, पाणी जातं, पण रेणूबाहेर इलेक्ट्रॉन जात नाहीत. फॉस्फेट लागणं म्हणजे रिडक्शन असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आता लॅक्टिक आम्ल, C₃H₆O₃. हायड्रोजनचे +६, ऑक्सिजनचे −६, कार्बनची बेरीज शून्य. दोन लॅक्टेटची बेरीजही शून्यच. म्हणजे ग्लुकोजपासून लॅक्टेटपर्यंत पाहिलं तर एकूण ऑक्सिडेशन झालेलंच नाही! मध्ये चार इलेक्ट्रॉन उसने काढले आणि शेवटी परत केले. पेशीत NAD⁺ मोजकाच असतो. तो सगळा NADH होऊन बसला तर ग्लिसराल्डिहाइडची पायरी थांबते आणि तिच्याबरोबर एटीपीही थांबतो. ऑक्सिजन पुरत नसेल तर NADH ने आपले इलेक्ट्रॉन द्यायचे कुणाला? हाताशी पायरुव्हेट आहे, त्यालाच. विरजण लावलेल्या दुधातले जिवाणूही हेच करतात, दह्याचा आंबटपणा म्हणजे NAD⁺ मोकळा करून घेतल्याची पावती. हे एकदा समजलं की पायरुव्हेटचं रिडक्शन पाठ करावं लागत नाही. NADH ला मोकळं व्हायचं आहे, म्हणजे NADH चं ऑक्सिडेशन हवं, म्हणजे पायरुव्हेटचं रिडक्शन होणारच.

तुझ्या कॉलेजमध्ये ३४० नॅनोमीटरपर्यंत जाणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर हे डोळ्यांनी बघ. NADH ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, NAD⁺ शोषत नाही. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.१ मिलिमोलर NADH घेतलास तर वाचन ०.६२ च्या आसपास येतं. त्यात पायरुव्हेट आणि चिमूटभर एन्झाइम टाकलं की आकडा तुझ्या समोर उतरायला लागतो. मिनिटाला ०.०६२ ने उतरला तर मिनिटाला १० मायक्रोमोलर NADH चा NAD⁺ होतो आहे.

ही केवळ कॉलेजची प्रात्यक्षिकं नाहीत. घरात कुणाचा तरी एसजीपीटीचा रिपोर्ट तू पाहिला असशील. लॅबमध्ये रुग्णाच्या सीरममध्ये अॅलनिन, ऑक्झोग्लुटरेट, NADH आणि लॅक्टेट डिहायड्रोजनेज असलेला रीएजंट मिसळतात. सीरममधला एसजीपीटी अॅलनिनचं पायरुव्हेट करतो. पायरुव्हेट तयार होताच डिहायड्रोजनेज त्याचं लॅक्टेट करतं, आणि प्रत्येक रेणूमागे एक NADH खर्ची पडतो. मशीन बघतं ते एवढंच की ३४० चं वाचन किती वेगाने उतरतं. रिपोर्टवर छापलेला आकडा म्हणजे NADH च्या ऑक्सिडेशनचा वेग.

माझ्याकडे प्रात्यक्षिकाला येणारी मुलं या उतरत्या रेषेजवळ हटकून चुकतात. रेषा खाली गेली, म्हणून लिहितात ‘रिडक्शन’. उतरला तो NADH चा साठा. साठा उतरणं वेगळं, ऑक्सिडेशन नंबर उतरणं वेगळं. मागच्या वर्षी एका मुलीने आलेखावर रेषेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘NADH संपतोय = NADH चं ऑक्सिडेशन = पायरुव्हेटचं रिडक्शन’. तिला मी विचारलं, दोन वेळा ‘चं’ का? म्हणाली, एक लिहिलं की दुसरं आपोआप येतं. तुलाही मी तेच सांगते आहे.

मोजायच्या या रीतीच्या मर्यादा आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या सेमिस्टरला परत अडशील. इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेनमध्ये सायटोक्रोम येतात तेव्हा कार्बन मोजून काही हाती लागणार नाही. तिथे लोखंड Fe³⁺ वरून Fe²⁺ वर येतं, आकडा उतरला म्हणून रिडक्शन, हायड्रोजन शोधायचाच नाही. तिथे ‘ऑइल रिग’ सरळ लागू पडतं. एक सायटोक्रोम एकच इलेक्ट्रॉन घेतो आणि NADH दोन देतो, एवढं ध्यानात ठेव. आणि दोन –SH गट मिळून S–S बंध होतो तेव्हा बदल गंधकावर होतो, कार्बनचे आकडे हलत नाहीत. तिथे सूत्रांची वजाबाकी कर, दोन हायड्रोजन गेलेले दिसतील, म्हणजे ऑक्सिडेशन.

आता तुझ्यासाठी काम. फॅटी अॅसिडचं β-ऑक्सिडेशन काढ, पाल्मिटॉइल-कोए घे. लांबलचक साखळी बघून घाबरू नकोस, मघाशी कार्बॉक्सिल झाकले तशी सगळी साखळी झाकून ठेव आणि फक्त α आणि β हे दोन कार्बन उघडे ठेव. पहिल्या पायरीत CH₂–CH₂ चं CH=CH होतं. दुसरीत पाणी येतं. तिसरीत CHOH चा C=O होतो. मघाच्या चार आकड्यांचं पान उघड आणि शेजारी हे ठेव: −४, −२, −२, ०, तेच क्रमाने येतात, पहिल्या पायरीत FAD, मधे पाणी, तिसरीत NAD⁺. क्रेब्स चक्रातली आणि इथली चाल एकच आहे.

चौथी पायरी मी सोडवून देत नाही. थायोलेज एन्झाइम α आणि β मधला बंध तोडतं, β कार्बनला नव्या कोए-चा गंधक लागतो आणि α कार्बन CH₃ होतो. गंधकाचा बंध अधिक एक धर आणि दोन्ही कार्बनची बेरीज तिसऱ्या पायरीनंतरच्या शून्याशी ताडून बघ. मग मला कळव, या पायरीत कुणाचं ऑक्सिडेशन झालं का, आणि झालं असेल तर इलेक्ट्रॉन कुणी घेतले. नुसतं हो किंवा नाही नको, आकडे लिहून पाठव.

तुझी,
मॅडम